कॅप्शन्स चौघांची, दुकान एकच

*ताई, नाशिकमध्ये आमचा पिठं, भाजण्या आणि मसाल्यांचा स्टार्टअप आहे. सुरुवातीपासून इन्स्टाग्रामची सगळी कॅप्शन्स आमच्या संस्थापक मॅडमच लिहायच्या आणि लोकांना ती फार आवडायची. आता काम वाढलं, तसे लिहिणारे चारजण झालो: मॅडम अधूनमधून, मी, नागपूरहून घरबसल्या काम करणारा एक सहकारी आणि पुण्याची एक फ्रीलान्सर. मागच्या महिन्यात एका जुन्या गिऱ्हाईक काकूंचा मेसेज आला, 'तुमचं पेज विकलं का कुणाला?' तेव्हापासून मॅडम म्हणतायत, एक छोटी स्टाइल गाइड कर. नेटवरचे नमुने बघून मी बावीस पानं लिहिली. कुणीच वाचली नाहीत. त्यातलं काय ठेवू, काय काढू?*
*– कॅप्शनवाली, नाशिक*

कॅप्शनवाली,

पहिल्या पानावर 'आमचा आवाज आपुलकीचा, साधा, प्रामाणिक आणि थोडा खेळकर' अशा अर्थाचं काही असेल, तर आधी ते काढा. त्यात खोटं काही नाही, पण त्यावरून कुणालाही लिहिता येत नाही. एकाला 'आपल्या सेवेत सदैव तत्पर' हे आपुलकीचं वाटतं, दुसरीला 'ए ऐक ना' हे. दोघंही आपापल्या परीनं तुमची गाइड पाळतच असतात. काकूंना खटकलं ते यापेक्षा बरंच बारीक आहे. बोलणारा कोण, तो समोरच्याला काय म्हणतो, क्रियापद कसं संपवतो आणि कशाबद्दल बोलायची त्याला सवय आहे, या गोष्टींवरून माणूस ओळखू येतो, आणि पेजही.

हे उघड्यावर मांडायचं तर चौघांना एकच विषय द्या. आषाढीसाठी उपवासाची भाजणी, असं धरू. एकमेकांचं न बघता लिहायला सांगितलं, तर साधारण अशी चार कॅप्शन्स येतील.

पहिलं: 'आषाढी एकादशीच्या हार्दिक शुभेच्छा! आपल्या उपवासासाठी आम्ही घेऊन आलो आहोत पारंपरिक चवीची उपवासाची भाजणी. आपली ऑर्डर आजच नोंदवा.'

दुसरं: 'उपवास म्हणजे फक्त खिचडी? अजिबात नाही!! तुझ्यासाठी आलीये सुपर खुसखुशीत भाजणी. चल, पटकन ऑर्डर कर!'

तिसरं: 'उपवासाची भाजणी मिळेल. भगर, साबुदाणा, राजगिरा यांपासून बनविलेली. ५०० ग्रॅम रु. २२०/- फक्त. घरपोच सेवा.'

चौथं: 'वरई, साबुदाणा, राजगिरा वेगवेगळं भाजून एकत्र दळलंय. पीठ कोमट पाण्यात भिजवा, दहा मिनिटं झाकून ठेवा, मग थालीपीठ लावा. घाई केलीत तर कडा फुटतील.'

चौथं मॅडमचं असणार, हे काकूंना नाव न वाचता कळेल. आता त्यात नेमकं काय आहे ते बोट ठेवून बघू. कौतुकाचं विशेषण एकही नाही, चव कशी आहे तेही सांगितलेलं नाही. भाजणी कशी केली ते एका वाक्यात आलं आणि पुढची सगळी क्रियापदं गिऱ्हाइकाच्या हातांची आहेत: भिजवा, झाकून ठेवा, लावा. शेवटचं वाक्य तर चक्क बजावणं आहे. 'घाई केलीत तर' यातला 'त' काढून 'घाई केली तर' करा, त्या बाई लगेच दोन पावलं मागे सरकतात. ऑर्डर द्या असं कुठेच म्हटलेलं नाही, तरी वाचणारीला पीठ हवंसं वाटतं. मॅडम दुकानाच्या गल्ल्यावर बसून बोलत नाहीत, ओट्याशी उभं राहून सांगतात. गाइडचं पहिलं वाक्य हेच: 'आम्ही ओट्याशी उभं राहून बोलतो.' लिहिणाऱ्याला यातून स्वतःच ठरवता येतं की ओट्याशी उभी राहिलेली बाई 'ऑर्डर नोंदवा' म्हणेल का, आणि तीन उद्गारचिन्हं देईल का.

उरलेलं पान मॅडमच्या जुन्या कॅप्शन्समधूनच काढायचं. साठ-सत्तर कॅप्शन्स कागदावर छापून घ्या आणि त्यांत गेल्या दोन-तीन महिन्यांतली तुम्हा तिघांची मिसळा. कोणाचं कुठलं ते लिहू नका. मग मॅडमना लाल पेन द्या आणि 'हे आपलं नाही' वाटेल तिथे काट मारायला सांगा. काट मारली की तुम्ही विचारायचं, नेमका कोणता शब्द, आणि उत्तर चिठ्ठीवर टिपायचं. 'एकूणच जमलं नाही' हे उत्तर घ्यायचं नाही. मॅडमना थोडा त्रास होईल, कारण त्या कानानं लिहितात आणि कानाला कारणं देता येत नाहीत. पण शब्दाशी बोट टेकवून घेतलंत की त्या काटांचे ढीग पडायला लागतात: इथे 'तू' आलंय, इथे 'आपण' आलंय, इथे विशेषणांची माळ झालीय, इथे वाक्य सरकारी नोटिशीसारखं झालंय. ज्या ढिगात पुष्कळ चिठ्ठ्या जमतील, त्याचा नियम करा. एखाद-दुसरी चिठ्ठी असेल, तर ती मॅडमची त्या दिवसाची तब्येत समजा आणि सोडून द्या.

सगळ्यात मोठा ढीग बहुतेक सर्वनामांचा निघेल. मराठीत हा प्रश्न डोळ्यांआड करताच येत नाही. 'तू' आणि 'तुम्ही' यांतलं काय घ्यायचं हे तुमच्या बाबतीत उघड आहे. ज्या पेजवर काकू मेसेज करतात तिथे 'तू' चालणार नाही. खरा घोटाळा 'आपण'चा होतो. 'आपण ऑर्डर देऊ शकता' यात 'आपण' म्हणजे गिऱ्हाईक. 'चला, आपण थालीपीठ लावू' यात आपण म्हणजे तुम्ही आणि ते मिळून. एकाच कॅप्शनमध्ये दोन्ही आले की वाचणारा क्षणभर अडखळतो, आणि ते एकाच आठवड्यात दोघांच्या हातून आले की पेज दोन माणसांचं वाटतं. ठरवून टाका: गिऱ्हाईक म्हणजे 'तुम्ही', कंपनी म्हणजे 'आम्ही', आणि 'आपण' फक्त दोघांनी मिळून काही करायचं असेल तेव्हा. मग 'आपली ऑर्डर'ची 'तुमची ऑर्डर' होते आणि 'आपल्या सेवेत' आपोआप गळून पडतं. मॅडम कधी 'मी' म्हणून लिहीत असतील, तर तो हक्क त्यांच्याकडेच ठेवा आणि अशा कॅप्शनखाली त्यांचं नाव घाला. फ्रीलान्सरनं मॅडमच्या तोंडून 'माझ्या आजीची आठवण' लिहायची नाही.

दुसरा ढीग क्रियापदांच्या शेपटांचा. 'केले, सांगितले, घरचे पीठ' लिहायचं की 'केलं, सांगितलं, घरचं पीठ'? ओट्याशी उभं राहून बोलायचं असेल, तर अनुस्वाराची बोलती रूपं हवीत आणि सगळीकडे हवीत. पण एवढंच लिहून थांबलात तर पुढच्याच आठवड्यात 'घरचं लाडू' आणि 'पोहे भिजवलं' वाचायला मिळेल. अनुस्वार लावायचा एवढंच लक्षात ठेवून माणूस दिसेल त्या 'ए'वर टिंब देत सुटतो. म्हणून गाइडमध्ये नियमाच्या शेजारी तुमच्या मालातली उदाहरणं लिहा. पीठ, तूप, मेतकूट, थालीपीठ ही एक असताना नपुंसकलिंगी, म्हणून 'पीठ भिजवलं', 'मेतकूट केलं'. लाडू आणि पोहे अनेक आणि पुल्लिंगी, म्हणून 'लाडू वळले', 'पोहे भिजवले', टिंब नाही. भाजणी स्त्रीलिंगी, 'भाजणी दळली', तिचा या भानगडीशी संबंधच नाही. थालीपीठ एक असेल तर 'लावलं', अनेक असतील तर 'थालीपीठं लावली'. एवढ्यावर तुमच्या मालाचं नव्वद टक्के काम भागेल आणि कुणाला व्याकरणाचं पुस्तक उघडावं लागणार नाही. पाकिटावरचा छापील मजकूर मात्र प्रमाण भाषेत राहू द्या. त्याला वेगळा आवाज आहे आणि तो तसाच हवा.

तिसरी गोष्ट शेपटांइतकी मोठी दिसणार नाही, पण खाद्यपदार्थांच्या धंद्यात ती सगळ्यात गमतीची आहे. वरच्या कॅप्शन्समध्ये एकानं भगर लिहिलंय, मॅडमनी वरई. वस्तू एकच. नागपूरचा सहकारी 'वरून सांबार घाला' असं लिहून मोकळा होईल आणि पुण्यातली बाई थालीपिठावर डाळीचं सांबार ओतायचं की काय म्हणून बघत बसेल. त्याच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. इथे एक शब्द बरोबर आणि दुसरा चूक असं ठरवू नका. तुमचं गिऱ्हाईक दोन्हीकडे आहे. जिथे दोन नावं चालतात, तिथे पहिल्यांदा दोन्ही घ्या, 'वरई म्हणजेच भगर', आणि पुढे त्या कॅप्शनमध्ये वरईच ठेवा. जिथे एकच शब्द दोन अर्थांनी जातो, तिथे तो टाळा आणि कोथिंबीर लिहा. ही यादी तुम्ही एकटीनं करायची नाही, नागपूरकराला सोबत घ्या. चौघं वेगवेगळ्या गावांची असण्याचा हा फायदा आहे, नाहीतर असे शब्द गिऱ्हाइकांच्या तक्रारीतून शिकावे लागतात. आणि तो स्वतः रीलमध्ये कॅमेऱ्यासमोर बोलत असेल, तर त्याला त्याच्या बोलीत मनसोक्त बोलू द्या. तिथे चेहरा त्याचा आहे. कॅप्शन दुकानाचं असतं.

उपवासाचं निघालंच आहे तर आणखी एक. उपवासाला काय चालतं हे घरोघरी वेगळं आहे. कोथिंबीर कुणाकडे चालते, कुणाकडे नाही, जिऱ्याचंही तसंच. 'उपवासाला चालणारी' असा निकाल कॅप्शननं देऊ नये. काय काय घातलंय ते पूर्ण सांगावं आणि बाकीचं ज्याच्या त्याच्या घरावर सोडावं. मॅडम असंच करतात, पण मुद्दाम करतात हे तिघांना माहीत नसेल.

शब्दांच्याच हद्दीत कायद्याचा एक तुकडा येतो. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे जाहिराती आणि दाव्यांबद्दलचे २०१८चे नियम आहेत. नैसर्गिक, ताजं, शुद्ध, पारंपरिक, अस्सल अशा शब्दांना त्यांत अटी आहेत. 'घरी केलेलं' म्हणून गैरसमज होईल असं लिहायलाही त्यांत मनाई आहे. तुमचं पीठ गिरणीत आणि युनिटमध्ये होत असेल, तर 'घरगुती' हा शब्द आवाजाच्या दृष्टीनं कितीही गोड वाटला तरी तो लिहिण्याआधी तुमचा अन्न परवाना सांभाळणाऱ्या माणसाला विचारा. मधुमेहावर, वजनावर, पचनाच्या आजारांवर गुणकारी वगैरे तर लिहायचंच नाही. हे शब्द गाइडमध्ये 'विचारल्याशिवाय नाही' या एका ओळीत घाला. फ्रीलान्सरला हे माहीत असेल असं धरून चालू नका.

आकडे आणि तारखा यांवर फार वेळ घालवू नका. कॅप्शनमध्ये वजन, किंमत, मिनिटं देवनागरी अंकांत. फोन नंबर आणि सवलतीचा कोड मात्र रोमनमध्येच, कारण तो लोक जसाच्या तसा उचलून दुसरीकडे टाकतात. `UPVAS10` असा कोड देवनागरीत लिहून काही उपयोग नाही. 'आज', 'उद्या' शक्यतो नको, वार आणि तारीख हवी. इन्स्टाग्राम पोस्ट टाकल्याच्या दिवशीच दाखवतं असं नाही, आणि गुरुवारी दिसलेलं 'उद्या शेवटचा दिवस' म्हणजे नक्की कधी हे विचारणारे मेसेज तुम्हालाच वाचावे लागतात. कुरिअर की कुरियर, डिलिव्हरी की डिलीव्हरी, यांतलं एक निवडा आणि पुढे जा; कोणतं याला महत्त्व नाही. सुरुवातीच्या दीड-दोन ओळींनंतर कॅप्शन 'अधिक'खाली दडतं, म्हणून शुभेच्छा तिथे खर्च करू नका. सणाच्या दिवशी प्रत्येक दुकान तेच म्हणतं. मॅडमच्या कॅप्शनची पहिली ओळ बघा, तिथे थेट वरई भाजली जातेय.

आता एका उलट्या धोक्याबद्दल, जो गाइड चांगली झाली की येतो. तुमच्या मॅडम अधूनमधून 'बरं का' लिहीत असतील, किंवा शेवटी असं एखादं बजावणारं वाक्य टाकत असतील. गाइडमध्ये ते नमुना म्हणून गेलं की तिघंही रोज तेच करू लागतात. मूळ बाई महिन्यात दोनदा 'बरं का' म्हणायच्या, आता पेज आठवड्यात चारदा म्हणतं, आणि काकूंना आता नक्कल ऐकू येते. लकबीला माप हवं. मॅडमच्या जुन्या कॅप्शन्समध्ये 'बरं का' खरंच किती वेळा आलंय ते मोजा, आणि चौघांचं मिळून तेवढंच येऊ द्या. बजावणारं वाक्यही चुकलं तर खरोखर काही बिघडणार असेल तेव्हाच. कडा खरंच फुटतात, म्हणून ते वाक्य चालतं. 'आजच घेतलं नाहीत तर पस्तावाल' हे दिसायला तसंच आहे, पण त्यात काहीच बिघडत नाही, नुसती भीती घातलेली आहे.

वाईट दिवसांसाठीही दोन ओळी हव्यात. जुलैत रस्ते बंद पडतात आणि कोकणातली पाकिटं अडकतात. अशा वेळी दोन टोकं दिसतात. एक म्हणजे 'तांत्रिक कारणास्तव होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत', आणि दुसरं म्हणजे 'पाऊसही म्हणतोय, थांबा जरा!' पैसे भरून बसलेल्या माणसाला दोन्ही सारखंच चिडवतं. ओट्याशी उभी राहणारी बाई काय म्हणेल? 'घाटात रस्ता बंद आहे, त्यामुळे रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातली पाकिटं पुण्यात अडकलीयत. सोमवारपर्यंत निघाली नाहीत तर पैसे परत करू. एकादशीआधी हवं होतं त्यांनी आजच मेसेज करा, आम्ही एकेकाला फोन करतोय.' 'तुम्ही', 'आम्ही', बोलतं शेपूट, गिऱ्हाइकानं काय करायचं ते स्पष्ट, सगळं नेहमीचंच आहे. फक्त गंमत नाही. गाइडमध्ये एवढंच लिहा: अडचणीच्या कॅप्शनमध्ये काय झालं, कुणाला लागू, कधीपर्यंत, तुम्ही काय करा. गंमत नाही, इमोजी नाहीत, आणि माफी एकदाच. इथे 'आज' आलंय आणि ते राहू द्या, कारण असं कॅप्शन काम झालं की काढूनच टाकायचं असतं.

पान कसं दिसेल ते लिहून देते. यातले शब्द तुमच्या ढिगांप्रमाणे बदला.

> आम्ही ओट्याशी उभं राहून बोलतो.
> गिऱ्हाईक 'तुम्ही'. कंपनी 'आम्ही'. 'आपण' फक्त मिळून करायच्या गोष्टींसाठी. 'मी' फक्त मॅडम, नावासकट.
> प्रत्येक कॅप्शनमध्ये करायला किंवा कळायला एक नेमकी गोष्ट: किती पाणी, किती वेळ, काय बिघडतं.
> पीठ भिजवलं. लाडू वळले. पोहे भिजवले. भाजणी दळली. थालीपीठं लावली.
> 'खमंग' चालेल, पण कॅप्शनमध्ये विशेषण एकच. सुपर, अप्रतिम, लाजवाब नको. उद्गारचिन्ह नको.
> वरई म्हणजेच भगर. कोथिंबीर (सांबार नको). पाकीट (पॅकेट, पुडा नको).
> विचारल्याशिवाय नाही: घरगुती, पारंपरिक, शुद्ध, नैसर्गिक, ताजं, अस्सल, आजाराबद्दल काहीही.
> किंमत: २२० रुपये. वार आणि तारीख, 'उद्या' नाही.
> अडचण असेल तेव्हा: काय झालं, कुणाला, कधीपर्यंत, तुम्ही काय करा.

याखाली तीन जोड्या चिकटवा: तुमच्यापैकी कुणीतरी लिहिलेलं मूळ कॅप्शन आणि शेजारी दुरुस्त केलेलं. जोड्या खऱ्या हव्यात, गाइडसाठी मुद्दाम वाईट लिहिलेल्या नकोत, कारण तितकं वाईट कुणीच लिहीत नाही आणि मग वाचणाऱ्याला वाटतं, हे आपल्यासाठी नाही. वरच्यांपैकी तिसरं घ्या, ते नागपूरकराचं असं धरू. ते गरीब बिचारं सरळ आहे आणि थोडक्यात सुधारतं. 'भगर, साबुदाणा, राजगिरा यांपासून बनविलेली' याचं 'वरई म्हणजेच भगर, साबुदाणा आणि राजगिरा, तिन्ही वेगळं भाजून दळलंय' होतं. 'रु. २२०/- फक्त' याचं '५०० ग्रॅम, २२० रुपये. साधारण पंधरा थालीपीठं होतात.' ही पंधरा कुठून आली? करून बघून, मोजून. ती संख्या युनिटमधल्या बायकांना विचारा, कॅप्शन लिहिणाऱ्यानं मनानं घालू नये. तुमच्या नागपूरकराची थोडक्यात लिहायची सवय जशीच्या तशी राहिली, हेही त्या जोडीत दिसू द्या. त्याला मॅडमसारखं लांब लिहायला लावायचं नाहीये.

यातलं अवघड काम पान लिहिणं नाही, ते वापरणं आहे. कुणीतरी एकानं पोस्ट जाण्याआधी शेवटचा हात फिरवायचा, आणि तो माणूस तुम्हीच असणार. तुमच्यावर एक बंधन घालून घ्या: कॅप्शनमध्ये काही बदललंत तर पानावरची कोणती ओळ तुटली ते लिहिणाऱ्याला सांगायचं. ओळ सापडली नाही, तर बदल मागे घ्यायचा. फक्त 'मला असं बरं वाटतं' म्हणून बदलायचं नाही. नाहीतर महिन्याभरात तिघं पान बघायचं सोडतात आणि तुमचा मूड बघायला लागतात. तोच बदल तुम्हाला दुसऱ्यांदा करावासा वाटला, तर मात्र तो नियम व्हायला हरकत नाही. तो सगळ्यांसमोर मांडा, तारीख घालून पानावर चढवा. पान दुसऱ्या पानावर सांडायला लागलं की जी ओळ हल्ली कुणाकडूनच तुटत नाही ती काढून टाका. हे नियम मॅडमनाही लागू आहेत. त्यांना तोडायचे असतील तर तोडू दे, पण मग ओळ बदलायची का हे विचारा.

उपयोग होतोय का हे बघायला लाइक्सकडे जाऊ नका, ते फोटोवर आणि सणावर फार अवलंबून असतात. त्यापेक्षा महिन्याच्या शेवटी नावं झाकून काही कॅप्शन्स पॅकिंगच्या टेबलावर ठेवा आणि कोणतं कुणाचं ते ओळखायला सांगा. तिथली माणसं तुम्हा सगळ्यांना बोलताना ऐकतात, त्यांचा कान पक्का असतो. त्यांनी 'आपण' किंवा उद्गारचिन्हावरून ओळखलं, तर पान पाळलं जात नाहीये. 'हे याचंच, मसाल्याच्या वासाबद्दल हाच लिहितो' असं म्हणून ओळखलं, तर काही बिघडलेलं नाही. कुणाचं लक्ष कशाकडे जातं हे वेगळं राहायलाच हवं, नाहीतर चौघांचे पगार कशाला?

फ्रीलान्सरला बावीस पानांची फाईल पाठवू नका, हे पानही नुसतं पाठवू नका. पान, तिन्ही जोड्या आणि मॅडमची आवडती सहा कॅप्शन्स, एवढंच द्या. पहिल्या आठवड्यात तिच्याकडून नवीन काही लिहून घेऊ नका. तुमची जुनी फसलेली पाच कॅप्शन्स देऊन दुरुस्त करायला सांगा, आणि तिनं कोणती ओळ वापरून काय बदललं ते फोनवर बोला. दुरुस्त करताना तिला जे कळणार नाही, ते पानावर नीट लिहिलेलं नाही असं समजा. आणि त्या कामाचे तिला पैसे द्या.

– ताई